बापामागे नांगर कोणाचा?

कोकणात जूनच्या तोंडावर घरातला कर्ता कुळवाडी गेला, तर घराला शोक करायलाही फारशी सवड मिळत नसे. रोपे उगवलेली असत, बाराव्या-तेराव्यापर्यंत लावणीची वेळ येऊन ठेपे आणि घरात एकच प्रश्न दबक्या आवाजात विचारला जाई: यंदा शेत आपल्याकडे राहणार ना? जमीन खोताची. तिच्यावर राबलेला माणूस आता नव्हता. त्याच्या मुलाला त्या शेतात नांगर घालायचा हक्क होता की खोताची मर्जी सांभाळावी लागत होती, यावर पुढचे वर्ष घरात भात शिजणार की नाही हे ठरत असे.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात शंभर वर्षांत पार पालटले. एके काळी मयत कुळाचा मुलगा जमीनमालकापुढे हात जोडून उभा राहत असे. पुढे कायदाच म्हणू लागला की कूळ गेले त्या दिवशी मालकाने कुळवहिवाट वारसाकडे चालू ठेवली असेच मानायचे, मग त्याची इच्छा असो वा नसो. मात्र कायद्याने दिलेले हे उत्तर तलाठ्याच्या दफ्तरात पोचायला पुष्कळ वेळ लागला, आणि या उशिरात अनेक घरांची जमीन गेली.

मर्जीवरची शेती

इंग्रजी अमदानीत सगळी कुळे एका पायरीवर नव्हती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातल्या ८३ व्या कलमात जुन्या कुळांना एक आधार होता. कुळवहिवाट इतकी जुनी असेल की ती कधी सुरू झाली याचा समाधानकारक पुरावाच सापडत नाही, तर मालकाची धारणा जितका काळ चालेल तितकाच काळ ती वहिवाटही चालेल असे गृहीत धरले जाई. अशा कायम कुळाचा हक्क बापाकडून मुलाकडे सहज येई.

पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, रत्नागिरी भागासाठी खोती कायदा झाला. त्याने खोताच्या गावातल्या जुन्या वहिवाटदार कुळांचा हक्क वारसाहक्काने चालणारा म्हणून मान्य केला, पण खोताच्या संमतीशिवाय तो विकण्याची मोकळीक दिली नाही. मुलगा बापाचे शेत पुढे कसू शके, मात्र अडल्या वेळी ते गहाण टाकू शकत नसे. वारशाचा आणि विक्रीचा हक्क असे वेगळे करण्याची ही रीत पुढच्या कायद्यांतही पुन्हा दिसते.

पण बहुसंख्य कुळे या दोन्ही वर्गांत बसत नव्हती. त्यांची कुळवहिवाट वर्षावर्षाची होती. कोणी अर्धेलीने पीक देई, कोणी ठरलेला खंड भरे. अशा वार्षिक कुळाला काढायचे तर वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी लेखी नोटीस दिली की पुरे. त्यामुळे कागदावर मुलगा बापाच्या जागी आला, तरी तीन महिन्यांच्या नोटिशीने तो निघूही शकत होता. शहाणा मालक नोटिशीच्या भानगडीत पडतच नसे. बाप गेला की तो मुलाला बोलावून नवी बोली करी: खंड वाढवून दे, नजराणा दे, नाहीतर शेत दुसऱ्याला देतो. कुळाचा मृत्यू म्हणजे मालकाला खंड वाढवण्याची आयती संधी होती.

वारसाची ही असहायता एकट्याची राहिली नाही. ती पुढे संघटित झाली आणि त्याचे सर्वांत ठळक ठिकाण अलिबाग तालुक्यातले चरी गाव. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथल्या शेतकऱ्यांच्या सभेत खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय झाला. नारायण नागू पाटील या संपाचे नेते होते. पंचवीस गावांतली कुळे त्यात उतरली आणि १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, शेते पडीक राहिली. एरवी जमीन जाईल म्हणून घाबरणारी माणसे आपणहून शेताबाहेर उभी राहिली आणि मजुरीवर व लाकडे तोडून दिवस काढू लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण कुळाचा प्रश्न सभागृहाच्या टेबलावर आला आणि पुन्हा खाली उतरला नाही. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनीही या भागात येऊन शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकले.

चरीच्या कुळांच्या मनातली अस्वस्थता एका साध्या गोष्टीशी जोडलेली होती: आपण कूळ आहोत, हे कुठेतरी लिहिलेले असावे. जिवंतपणी नाव लिहिलेले असेल तरच मेल्यावर त्या नावामागे मुलाचे नाव चढेल.

संरक्षित कूळ

१९३९ च्या मुंबई कुळकायद्याने संरक्षित कूळ हा वर्ग तयार केला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे ज्याने जमीन स्वतः कसली असेल, त्याला हे संरक्षण होते. कायदा सुरुवातीला काही मोजक्या जिल्ह्यांपुरता होता आणि १९४६ मध्ये तो सगळ्या मुंबई प्रांताला लागू झाला. त्यानंतर २८ डिसेंबर १९४८ पासून मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा अमलात आला. आज आपण ‘कूळकायदा’ म्हणतो तो हाच.

१९४८ च्या कायद्यात ४० वे कलम होते. संरक्षित कूळ मयत झाले आणि त्याचे वारस त्याच शर्तींवर जमीन कसायला तयार असले, तर मालकाने कुळवहिवाट त्यांच्याकडे चालू ठेवावी, असा त्याचा आशय होता. १९५६ च्या दुरुस्तीने हेच कलम अधिक पक्के झाले. आता संरक्षित-असंरक्षित असा भेद उरला नाही. कूळ मरण पावले की ज्या शर्तींवर ते जमीन धारण करत होते त्याच शर्तींवर मालकाने ती त्याच्या इच्छुक वारसांकडे चालू ठेवली आहे, असे ‘मानले जाईल’.

या ‘मानले जाईल’ शब्दांचे बळ समजून घेतले पाहिजे. मालकाने चालू ठेवावी असे कायदा सांगत नाही, ठेवली आहे असे धरून चालतो. मालकाची संमती, नवा करार, नजराणा यांपैकी कशाचीच गरज नाही. बाप ज्या क्षणी गेला त्याच क्षणी मुलगा कूळ झाला. खंडही तोच राहिला. मृत्यूच्या निमित्ताने नवी बोली करण्याची मालकाची वाट इथे बंद झाली.

कलमात ‘इच्छुक’ हा शब्दही विचारपूर्वक घातलेला आहे. वारसावर जमीन कसण्याची सक्ती नाही. मुंबईत गिरणीत लागलेल्या भावाला शेती नको असेल, तर त्याच्या गळ्यात कुळपण घालायचे कारण नाही. पण गावात राहिलेला भाऊ कसत असेल, तर मुंबईकराचा हक्क आपोआप बुडतो असेही नाही. कुटुंबातल्या कोणाही माणसाच्या श्रमाने केलेली शेती कायद्याने ‘स्वतः कसलेली’ ठरते. विधवेसाठी आणि अज्ञान मुलासाठी तर याहून पुढची सोय आहे. त्यांनी गडी लावून किंवा मजुरांकडून शेत करून घेतले, तरी ती त्यांचीच शेती मानली जाते. नवऱ्यामागे चार पोरे घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला ही सोय नसती, तर ‘तुझ्या हातात नांगर कुठे आहे?’ असे विचारून तिला त्याच वर्षी बाहेर काढता आले असते.

वारस कोण हे मात्र ४० वे कलम सांगत नाही. त्यासाठी त्या त्या कुटुंबाचा वारसा कायदा पाहावा लागतो. हिंदू कुटुंबात १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली पहिल्या वर्गात येतात. ४० व्या कलमाच्या दुसऱ्या भागात विधवेची आणखी एक काळजी घेतली आहे: कुळवहिवाट तिच्याऐवजी दुसऱ्या वारसांकडे गेली, तर तिच्या पोटगीचा बोजा त्या जमिनीच्या उत्पन्नावर राहतो.

मराठवाड्यात वेगळे होते. तिथे १९५० चा हैदराबाद कुळकायदा लागू होता. त्याने संरक्षित कुळाचे हक्क वारसाहक्काने चालतील असे स्पष्ट म्हटले, पण वारसांची यादी स्वतःच घालून दिली. त्या मूळ यादीत आधी औरस किंवा दत्तक वंशज होते. वंशज नसतील तर विधवा, आणि तीही पुनर्विवाह करेपर्यंत. एकाच राज्यात आलेल्या दोन प्रदेशांत कुळाच्या बायकोचे स्थान असे निरनिराळे होते. पंढरपूरच्या कुळाची विधवा आणि बीडच्या कुळाची विधवा यांच्या नशिबातले अंतर या दोन कायद्यांनी आखले होते.

कृषक दिन आणि मृत्यूची तारीख

१ एप्रिल १९५७ हा दिवस कायद्यात कृषक दिन म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी कूळ जी जमीन स्वतः कसत होते, ती त्याने मालकाकडून विकत घेतली असे मानले गेले. इथेही तोच ‘मानले गेले’ आहे. मालकांनी या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९५८ मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली.

यानंतर वारसाच्या हक्काला नवे रूप आले. आता प्रश्न फक्त ‘बापामागे शेत कसता येईल का’ एवढाच नव्हता. बाप कोणत्या तारखेला गेला, यावर मुलाला काय मिळाले हे ठरू लागले. एक कुटुंब डोळ्यांसमोर आणले की हे स्पष्ट होते. कुटुंब कल्पनेतले आहे, हिशेब मात्र कायद्याच्या चौकटीतला आहे.

अलिबागच्या खारेपाटात एका कुळाकडे दोन एकर भातशेती आहे. जमिनीचा सरकारी आकार सहा रुपये. घरात नवरा, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी.

समजा बाप १९५५ च्या पावसाळ्यात गेला. घरची माणसे शेत कसत राहिली. १ एप्रिल १९५७ ला कूळ म्हणून तीच उभी आहेत, म्हणून मानीव खरेदी थेट त्यांच्या नावाने होते. सात-बारावर अजून बापाचे नाव असले तरी कायद्याने खरेदीदार तीच.

समजा बाप १९६१ मध्ये गेला. तेव्हा मानीव खरेदी होऊन चार वर्षे उलटली आहेत. पैसे भरून झाले नसतील, प्रमाणपत्र मिळाले नसेल, तरी मालकाचा मालकीहक्क १९५७ मध्येच संपला. वारसांना आता नुसती कुळवहिवाट नाही, तर खरेदीदाराचा हक्क मिळतो, आणि त्याबरोबर राहिलेली रक्कम भरण्याची जबाबदारीही येते.

रक्कम शेतजमीन न्यायाधिकरण म्हणजे बहुधा मामलतदार कचेरी ठरवत असे. कायम कुळाला खंडाच्या सहा पट, तर इतर कुळांना जमिनीच्या आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान किंमत होती. त्यात मालकाने बांधलेल्या विहिरी, बांध, लावलेली झाडे आणि थकलेला खंड यांची भर पडे. आपल्या कुटुंबासाठी ११० पट ठरली असे धरू. सहा रुपये गुणिले ११० म्हणजे ६६० रुपये. खारेपाटातले बांध कुळानेच घातलेले असतील, तर त्यांची किंमत कुळाकडून घ्यायचे कारण नाही, कारण कायदा फक्त मालकाने बांधलेल्या बांधांची किंमत धरतो. रक्कम जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत आणि साडेचार टक्के सरळ व्याजाने भरायची. वर्षाला ५५ रुपये मुद्दल आणि पहिल्या वर्षी ६६० वर २९ रुपये ७० पैसे व्याज, मिळून ८४ रुपये ७० पैसे. बाप गेला त्या वर्षी हा हप्ता कोणी भरायचा यावरून भावाभावांत वाद झाला आणि हप्ते थकले, तर खरेदीच धोक्यात येई. सगळे पैसे फिटले की कलम ३२-म खालचे खरेदी प्रमाणपत्र मिळते आणि ते खरेदीचा निर्णायक पुरावा असते.

खरा सापळा या दोन्ही तारखांच्या मधे होता. किंमत ठरवण्यासाठी ३२-ग खाली चौकशी होई आणि कुळाला नोटीस जाई. कूळ हजर राहिले नाही, किंवा हजर राहून जमीन घ्यायची नाही असे म्हणाले, तर खरेदी निष्फळ ठरवता येई. आता ही नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने निघाली, तर घरात ती कोणी घ्यायची? बाप गेल्याची नोंद तलाठ्याकडे नाही, मुलांची नावे फेरफारात नाहीत, कचेरीच्या यादीत अजून बापच कूळ आहे. त्याच्या नावाची हाक होते, कोणी उठत नाही आणि ‘कूळ गैरहजर, खरेदी निष्फळ’ असा शेरा पडतो. मयत माणसाविरुद्ध झालेला असा आदेश टिकू शकत नाही, हे खरे. पण तो हटवायला वारसांना वकील लावावा लागतो, तारखा कराव्या लागतात, आणि तोवर सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातून कुळाचे नाव गेलेले असते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याचा अंमल कसा झाला याची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ मध्ये आला. कुळांनी ‘स्वेच्छेने’ जमिनी सोडल्याची नोंद मोठ्या प्रमाणावर होती आणि त्यातले पुष्कळसे सोडणे खऱ्या अर्थाने स्वेच्छेचे नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा राजीनाम्यासाठी सर्वांत कमकुवत क्षण कोणता असतो, हे गावात राहिलेल्याला सांगावे लागत नाही. कर्ता गेलेला आहे, मुले लहान आहेत, क्रियाकर्माचे कर्ज अंगावर आहे आणि मालकाचा माणूस कागद घेऊन दारात येतो. म्हणूनच जमीन सोडायची तर ती लेखी असावी आणि मामलतदाराने पडताळलेली असावी, अशी अट कायद्यात आहे. पडताळणीविना घेतलेला अंगठा कुळवहिवाट संपवत नाही. तसेच मामलतदाराच्या आदेशाशिवाय मालकाने ताबा घेतला, तर वारसाला २९ व्या कलमाखाली ताबा परत मागता येतो, पण दोन वर्षांच्या आत. ही मुदत माहीत नसलेली घरे हक्क असूनही हरली.

मालकीण कधी वारली?

आतापर्यंत मृत्यू कुळाचा होता. आता मालकाच्या मृत्यूकडे वळायला हवे, कारण वारस कुळांची सर्वांत लांब लढाई तिथेच झाली.

कृषक दिनाला एक अपवाद होता. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल, तर तिच्या किंवा त्याच्या जमिनीची मानीव खरेदी १ एप्रिल १९५७ ला झाली नाही. ती पुढे ढकलली गेली. विधवेचा हक्क संपला की तिच्या वारसाला स्वतः कसण्यासाठी कुळवहिवाट संपवण्यास एक वर्ष मिळते. त्याने ते केले नाही, तर पुढच्या एका वर्षात कुळाने जमीन घ्यायची असल्याचे मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवायचे, अशी कलम ३२-फ ची मांडणी आहे.

कागदावर ही मांडणी नीट वाटते. गावात मात्र काय झाले ते पाहावे. जमीन मालकिणीची, राहणार पुण्यात किंवा मुंबईत. कूळ दरवर्षी खंड पाठवते, कधी कारकुनाच्या हाती, कधी मनिऑर्डरने. एके दिवशी मालकीण वारली. गावाला ते कळलेच नाही. कुळही मधल्या काळात गेले, आता मुलगा कसतो आणि मालकिणीच्या मुलाने मागितलेला खंड देतो. एक वर्ष गेले, दुसरे गेले. मुदत संपल्याची जाणीव मुलाला तेव्हा होते, जेव्हा मालकिणीचा वारस कचेरीत म्हणतो, ‘यांनी मुदतीत खरेदीची सूचना दिली नाही, आता यांचा हक्क बुडाला.’

जी घटना कळलीच नाही, तिच्यापासून मोजलेल्या मुदतीत खरेदी कशी करायची? न्यायालयांत यावर दोन मते दिसतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात कुळाला घटना कळल्यापासून मुदत मोजण्याची भूमिका घेतली. १९९९ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने कडक अर्थ लावला: मुदत कायद्याने घातलेली आहे, कुळाला माहीत असो वा नसो. या निर्णयाचा आधार घेऊन वारस कुळांचे अनेक अर्ज फेटाळले गेले.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही गाठ सोडवली. न्या. रोहिंटन नरिमन यांनी लिहिलेल्या निकालाने १९९९ चा निर्णय रद्दबातल ठरवला. विधवेचा हक्क संपल्याची खबर तिच्या वारसाने कुळाला द्यायला हवी, ती दिल्याशिवाय कुळाच्या डोक्यावर मुदत चढत नाही, असा त्याचा सारांश आहे. अज्ञान मालकाच्या बाबतीत अशी खबर देण्याचे बंधन कायद्यात आधीच आले होते. मग विधवेच्या आणि अपंगाच्या बाबतीत ते का नसावे, हा न्यायालयाचा मुद्दा होता. मानीव खरेदीचा हा कायदा कुळांच्या भल्यासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थ कुळाच्या बाजूने लावायचा हे या निकालाचे मूळ आहे. १९५७ ला शेतात उभ्या असलेल्या माणसाचा नातूही एव्हाना प्रौढ झाला होता.

मृत्युपत्राने जमीन देता येते का?

वारस कोण हे ठरल्यावर एक नैसर्गिक शंका येते. मुलाने बापाला सांभाळले नाही, पुतण्याने सांभाळले. मग कुळाने मृत्युपत्र करून शेत पुतण्याला का देऊ नये? कलम २७ कुळाला जमीन पोटभाड्याने देऊ देत नाही आणि आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करूनही देऊ देत नाही. त्यामुळे कुळवहिवाट हा खिशातला पैसा नाही, वाटेल त्याला देण्यासारखा. तो कसणाऱ्या घराशी बांधलेला हक्क आहे.

खरेदी प्रमाणपत्र मिळाल्यावर कूळ मालक होते, पण तेव्हाही पूर्ण मोकळे नसते. कलम ४३ प्रमाणे अशी जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतरित करता येत नाही. या बंधनात मृत्युपत्र येते का, हा वाद बराच चालला. २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात, जिथे हाच मुंबई कायदा लागू होता, सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्राने बाहेरच्या माणसाला जमीन देणेही हस्तांतरच ठरवले. कायद्याने चालणारा वारसा मात्र हस्तांतर नव्हे. बाप गेल्यावर बायको, मुलगा, मुलगी यांच्या नावे जमीन येण्यास परवानगी लागत नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीने कलम ४३ आणखी सैल झाले: खरेदीला दहा वर्षे उलटली असतील आणि आकाराच्या ४० पट रक्कम भरली, तर शेतकऱ्याला जमीन परवानगीशिवाय विकता येते. आपल्या कल्पित कुटुंबाच्या सहा रुपये आकाराला ती २४० रुपये होते. १८८० च्या खोती कायद्यात वारसा आणि विक्री यांच्यामध्ये घातलेली भिंत अशी शेवटी ठेंगणी झाली.

एकुमॅ आणि बहीण

जुन्या सात-बारावर मोठ्या भावाच्या नावापुढे ‘एकुमॅ’ असे तीन अक्षरी शेपूट दिसते. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेल्यावर तलाठ्याने सगळ्या वारसांची नावे चढवण्याऐवजी एकट्या थोरल्याचे नाव घातले. तो कचेरीत जाणारा, हप्ते भरणारा, सह्या करणारा होता. नंतर ३२-म चे प्रमाणपत्रही त्याच्याच नावाने निघाले. पुढच्या पिढीत त्याची मुले म्हणू लागली की जमीन आमच्या बापाने खरेदी केली.

इथे कागदावरचे नाव आणि हक्क वेगळे करावे लागतात. कुळवहिवाट आजोबांची असेल आणि थोरल्याने ती कुटुंबाच्या वतीने चालवली असेल, तर प्रमाणपत्रही कुटुंबासाठीच असते. धाकट्या भावांना हे सिद्ध करणे सोपे जाते. बहिणींना अवघड जाते, कारण लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव वारसनोंदीत बहुधा घातलेच जात नसे. ४० वे कलम मुलींना वगळत नाही, पण त्यांना वगळायला कोणाला कलमाची गरजही पडली नाही. तलाठ्याने विचारले ‘वारस कोण?’ आणि ओटीवर बसलेल्या पुरुषांनी सांगितले ‘दोन मुलगे’. एवढ्यावर काम झाले.

म्हणून अशा घराचा हक्क तपासायचा तर काही जुनी पाने एका ओळीत मांडावी लागतात. १९५५ ते १९५८ चे सात-बारा उतारे आणि त्यावरच्या पीकपाहणीतले कसणाऱ्याचे नाव. ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाची नोंद आणि ती घालणारा फेरफार. मृत्यूनंतर वारसांची नोंद होणारी ६-क नोंदवही. खंडाच्या पावत्या असल्या तर त्या. ३२-ग चा आदेश आणि तो कोणाच्या नावे झाला हे. जिथे ‘कूळ मयत, वारस नाहीत’ असा शेरा आहे आणि पुढच्याच वर्षी पीकपाहणीत त्याच घरातला माणूस कसताना दिसतो, तिथे काहीतरी चुकले आहे हे ओळखावे. तो माणूस कूळ होता की नव्हता, हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही. कलम ७० खाली तहसीलदाराला आहे. दिवाणी दाव्यात हा मुद्दा निघाला, तर तो तिकडे पाठवावा लागतो.

कायद्याचा हिशेब मांडायचा तर त्याने मोठे काम केले हे निर्विवाद आहे. खोताच्या ओसरीवर हात जोडून उभ्या राहिलेल्या मुलाला त्याने शेताच्या मधोमध उभे केले. कुळाचा मृत्यू ही मालकाची संधी राहिली नाही. पण त्याने मृत्यूनंतरचा हक्क आपोआप दिला आणि त्याची नोंद मात्र माणसांवर सोडली. आपोआप आलेला हक्क कुठे लिहिलेला नसला, की दुसऱ्या पिढीत तो सिद्ध करावा लागतो आणि तिसऱ्या पिढीत तो कोर्टात मागावा लागतो. चरीच्या कुळांना आपले नाव कागदावर हवे होते ते याचसाठी. आज एखाद्या घरात वारसनोंद करायची असेल, तर ओटीवर बसलेल्यांनी बाहेर दिलेल्या लेकींचीही नावे तलाठ्याला सांगावीत. ती नावे त्या दिवशी लिहायला चार ओळी लागतात. ती न लिहिल्याने झालेले खटले चाळीस-चाळीस वर्षे चालतात.